मोरीजवळचं निशाण

गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो. त्यातून तो मास्तर असला तर विचारूच नका. म्हणून भास्कर मास्तर सकाळीच आमच्या पडवीत येऊन बसले आणि "आप्पा, तुमच्याकडे जरा काम होतं" असं हसत म्हणाले, तेव्हा मी सुपारी कातरता कातरता मनात म्हटलं, आलं काहीतरी अंगावर.

"बोला," मी म्हटलं.

"उद्या शाळेत मुलांसमोर चार शब्द बोलणार आहे. रस्त्यावरच्या खुणांबद्दल. धोक्याला लालच रंग का, वाट मोकळी असली की हिरवाच का, असं. आता मोटारी सुरू झाल्या, आणि मुलं त्याच रस्त्यानं शाळेत येतात. तुमची मोटार आणि तुमचा लवू पटांगणात आला, तर मुलांना नीट समजेल."

"आणि मी?"

"तुम्ही मालक. तुम्ही तर हवेतच."

बघा! मालक हवेतच म्हणे. आमची मोटार मोरीत पडून आठवडासुद्धा झाला नव्हता, आणि या गृहस्थाला नेमकं आत्ताच रंगांवर बोलायचं सुचलं. मी हो म्हटलं ते एवढ्याचसाठी, की आपल्या पाठीमागं काय बोलतात त्यापेक्षा समोर बसून ऐकलेलं बरं.

आता मोरीचं सांगतो. मी मुंबईच्या गोदीत उभं आयुष्य घालवलं, आणि गावी परतताना एक जुनी मोटार घेतली. रत्नागिरी ते हातखंबा आणि तिथून पालीपर्यंत उतारू नेतो. बाहेरून तिला हिरवा रंग दिला आहे असं रंगाऱ्यानं सांगितलं, आणि लोकही तिला हिरवी गाडीच म्हणतात. चालवतो लवू, माझ्या राहीचा मुलगा. नातू असला तरी इतरांसारखा मला आप्पाच म्हणतो. त्याच्या शेजारी पुढं क्लीनर दादू बसतो. हे दोघं वाटेत सारखे कुजबुजायचे. दादू हळूच काहीतरी बोलायचा की लवू गाडी सावकाश करायचा. मला वाटायचं, यांचं पेट्रोलचं काहीतरी साटंलोटं आहे.

गणपती झाल्यावर एके दिवशी दादू तापानं पडला, म्हणून पुढच्या बाकावर मी बसलो. उतारू सगळे मागं, ताडपत्रीखाली. वळण घेतलं आणि गाडीचं पुढचं चाक धाडकन खाली गेलं. पावसानं रस्त्याखालच्या मोरीची डावी बाजू खचली होती, वर गवत माजलेलं. मागं बसलेल्या सोनूबाईचा हात मोडला. म्हातारी अशी ओरडली की अजून माझ्या कानात आहे.

रस्त्याच्या कामावरचा काशीराम दगडांची पाटी टाकून धावत आला. "आप्पा, निशाण लावलं होतं ना वो! जाळीजवळ लाल निशाण लावलं होतं!"

"कुठं आहे?" मी विचारलं.

मोडक्या काठीला गुंडाळलेलं, चिखलात माखलेलं, एका कोपऱ्याला फाटलेलं फडकं त्यानं चाकाखालून ओढून काढलं. मी काय दूधखुळा आहे? गाडी पडल्यावर त्यानंच ते खाली सरकवलं असणार. मी पुढच्या बाकावर होतो, दोन्ही डोळे उघडे होते, समोर नुसती करवंदीची जाळी होती. रस्त्याच्या कामावरच्या ओव्हरशियरसाहेबांना मी तेच सांगितलं. ते म्हणाले, सोमवारी कचेरीत या, पुन्हा एकदा सांगा आणि अंगठा द्या, म्हणजे या काशीरामला घरी बसवतो. काशीरामला ना जमीन, ना मुंबईत कोणी. रस्त्याच्या कामावरच त्याची चूल पेटायची. वाईट वाटलं. पण खोटं बोलणाऱ्याचं मी किती वाईट वाटून घेऊ?

तरी लवूचाही संशय होताच. वळणावर पोरानं गाडी जराही आवरली नाही. त्या रात्री जेवताना मी त्याच्या तोंडाला नाक लावून वास घेतला. ताकाचा वास आला. तुळसा, माझी बायको, कपाळावर हात मारून म्हणाली, "अवो, नातवाचं तोंड हुंगताय? लाज नाय वाटत?"

"वास घेतल्याशिवाय मी आंबासुद्धा घेत नाय," मी म्हटलं.

"म्हणून तर रातांबे अर्धे कच्चे आणता," ती म्हणाली. चाळीस वर्षं झाली लग्नाला, पण दर उन्हाळ्यात हेच ऐकतोय. आमसुलांसाठी पिकलेले रातांबे काढायला झाडावर चढलो की माझ्या टोपलीत कच्चेच जास्त. रातांबा हातानं चेपून बघायचा असतो. एवढ्या पानांत कोण बघत बसणार? पण तिचं आपलं तेच पालुपद.

तर शाळेत गेलो. लवूनं मोटार पटांगणात उभी केली आणि बॉनेटला टेकून उभा राहिला. पोरं ओळीनं जमिनीवर बसलेली. बायकांची शिवणाची शिकवणी असते तिकडच्या ओसरीवर तुळसाही येऊन बसली होती. मला खुर्ची दिली. खुर्ची दिली म्हणजे पुढं काहीतरी वाईट होणार, हे मी ओळखलं.

मास्तर उभे राहिले. बोलतात बरं का झकास, खोटं कशाला सांगू.

"मुलांनो," ते म्हणाले, "आगबोट बंदरात येते तेव्हा तिच्या अंगावर दोन रंगांचे दिवे असतात. कुठल्या बाजूला कुठला?"

एक खारव्याचं पोर टुणकन उठलं. "डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा!"

"शाबास. म्हणून काळोखातसुद्धा होडीतल्या पडाववाल्याला कळतं, बोट आपल्याकडे तोंड करून येते आहे की पाठ फिरवून जाते आहे. रंग म्हणजे न बोलता सांगितलेला निरोप. आता धोक्याचा निरोप लालच का? एक तर लाल म्हणजे रक्त, लाल म्हणजे विस्तव. कोणी न शिकवता माणूस त्याला दचकतो. दुसरं कारण हवेतलं आहे. उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. हवेतल्या अगदी बारीक कणांवर आपटून निळा रंग चटकन इकडं तिकडं पांगतो. लाल सगळ्यांत कमी पांगतो, सरळ पुढं येतो. संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडताना तांबडा का दिसतो? त्याचा उजेड तेव्हा हवेच्या जाड थरातून येतो, निळा वाटेतच पांगतो, लाल तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. आणि तिसरं म्हणजे आपल्या कोकणात सगळीकडे हिरवं. हिरव्यात लाल कसं उठून दिसतं! पानांत जास्वंद बघा."

मी मनात म्हटलं, जास्वंद? मला तर तुळसा बोट दाखवील तेव्हा सापडते. पण पोरं माना डोलावत होती.

"मग धोक्याला निळा दिवा का नाही?" मास्तरांनी विचारलं. "कारण रॉकेलच्या दिव्यात निळा उजेड मुळातच थोडा. निळ्या काचेतून तो बाहेर येईपर्यंत मिणमिण होतो. लाल काचेतून भरपूर येतो. आणि हिरव्याची गंमत ऐका. आगगाडीच्या रस्त्यावर पूर्वी 'या, वाट मोकळी आहे' असं सांगायला साधा पांढरा दिवा असे. पण लाल काच फुटून पडली तर तोच दिवा पांढरा दिसणार! थांब म्हणायच्या जागी ये म्हणणार! म्हणून पुढं मोकळ्या वाटेला हिरवा दिला. आणि सांभाळून या म्हणायला पिवळा, कारण तो लख्ख असतो, डोळ्यात भरतो. परदेशात मोठ्या शहरांत आता चौकाचौकांत असे तीन दिवे लावतात. आपल्याकडे घाटात लाल त्रिकोणाची पाटी असते. तिला रंग तर आहेच, शिवाय आकारही आहे. आकार कशाला, ते शेवटी सांगतो."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लवूकडे. आता काढतोय हा मोरीचा विषय!

"तिकडं कुंपणाजवळ करवंदीची जाळी आहे," मास्तर पोरांना म्हणाले. "सकाळी मी तिथं काठीला बांधून एक निशाण लावलंय. वारा नाही, त्यामुळं हलत नाही. ज्याला दिसतंय त्यानं हात वर करावा."

सगळ्या पटांगणात हातच हात. अगदी पहिलीतलं शेंबडं पोरही हात वर करून उभं राहिलं.

मी जाळीकडे पाहिलं. जाळी होती. पानं होती. मागं दगडांचा गडगा होता. मला अस्सं हसू आलं! उठून उभा राहिलो आणि म्हटलं, "मास्तर, एवढं भाषण ठोकलंत आणि निशाण लावायलाच विसरलात की वो!"

पोरं खो खो हसली. मास्तर हसले नाहीत.

"आप्पा," ते म्हणाले, "नीट बघा."

"काय नीट बघा? नाय तिथं काय. पोरांना पढवून ठेवलंत तुम्ही. हात वर करा म्हटलं की करायचे, दुसरं काय! उद्या म्हणाल तिथं हत्ती आहे, तरी ही हात वर करतील. काशीरामनं तुम्हाला गाठलं काय? बरोबर! त्याच्या बाजूनं मला खोटा पाडायला हा सगळा खेळ मांडलाय."

"आप्पा, बसा हो," कोणीतरी म्हणालं. मी कशाला बसतोय! ओसरीकडे वळून ओरडलो, "तुळसा, अगो, तू सांग! तुला दिसतंय काय तिथं निशाण?"

तुळसा माझ्याशी चाळीस वर्षं भांडली, पण एकदाही खोटं बोलली नाही. ती पदर सावरत उभी राहिली आणि बावरून म्हणाली, "अवो, असं काय करताय? ते काय समोर. लालभडक."

मी गडबडलो. तरातरा चालत जाळीपर्यंत गेलो. अगदी जवळ गेल्यावर काठी दिसली, आणि काठीला फडकं. फडकं होतं खरं! पानांच्याच अंगाचं, थोडं काळपट. हात लावला तेव्हा कळलं की हे कापड आहे.

मागं वळून बघतो तर लवू माझ्या मागोमाग आलेला. तोही डोळे बारीक करून त्या फडक्याकडे बघत होता. तोंड अगदी उतरलेलं.

मास्तरांनी पोरांना सुट्टी दिली. मग खिशातून लोकरीचे तुकडे काढून माझ्या खुर्चीवर पसरले आणि म्हणाले, "यातले हिरवे हिरवे एका बाजूला काढा." मी काढले. लवूनंही काढले. तुळसानं आमच्या दोघांच्या ढिगात बोटं घातली आणि त्यातून एकेक तुकडा उचलत बाहेर टाकू लागली. "हा तपकिरी. हा तांबूस. हा करडा. अरे देवा, हा पण तपकिरी." आमच्या दोघांच्या चुका बऱ्याचशा सारख्याच होत्या.

"मला संशय लवूचा होता," मास्तर हळूच म्हणाले. "माझ्याच वर्गात शिकलाय हा. चित्रात आंब्याची पानं तांबडी रंगवायचा, आणि मी त्याला छड्या मारायचो, मस्ती करतो म्हणून. मोरीची गोष्ट ऐकली तेव्हा ते आठवलं. तुमच्याबद्दल माझ्या स्वप्नातही नव्हतं, आप्पा. पण लक्षात यायला हवं होतं. हा दोष मुलाला बहुधा आईकडून येतो, आणि आईला तिच्या बापाकडून. आईला स्वतःला बहुतेक काही होत नाही. ती नुसती पुढं देते. काही पुरुषांना लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत, आणि जन्मापासून तसंच असल्यामुळं त्यांना ते कळतही नाही. पाटीला त्रिकोण करतात तो या लोकांसाठीसुद्धा उपयोगी पडतो. रंग हुकला तरी आकार हुकत नाही."

राहीचा बाप म्हणजे मी.

"लवू," मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"थोडंसं," तो म्हणाला. "दादूला सांगितलं होतं मी. निशाण आलं की तो हळूच सांगायचा."

"आणि त्या दिवशी?"

लवू जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी शेजारी तुम्ही होतात. तुमचं सगळीकडे बारीक लक्ष असतं. तुम्ही गप्प बसलात, म्हणून मी समजलो, वाट मोकळी आहे."

मेल्यानं माझ्या थोबाडीत मारली असती तरी बरं होतं. साऱ्या जगावर मी संशय घेतला, आणि या पोरानं माझ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला. तिथंच सोनूबाईचा हात मोडला.

मोटार पटांगणातच राहिली. रविवारी आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. माझ्या मनात काय काय आलं ते सांगायला लाज वाटते. सोमवारी ठरल्याप्रमाणं "निशाण नव्हतं" म्हणून अंगठा दिला असता, तर कोणी विचारलं नसतं. मास्तर चहाडी करणारा माणूस नव्हता. लवूची गाडी चालली असती, दादूला कायम शेजारी बसवला असता. आणि खरं सांगितलं, की लवूच्या हातून चाक गेलं. लहानपणापासून त्याला दुसरं काही नको होतं. तुळसाला म्हटलं, "काय करू?" ती म्हणाली, "तुम्हाला दिसलं नाय, हे खरं. पण आता ठाऊक झालंय की." आणि ती चुलीकडे वळली.

सोमवारी मी आणि लवू पायवाटेनं चालत रत्नागिरीला कचेरीत गेलो. काशीराम दाराशी उकिडवा बसला होता. मला बघून उभा राहिला, नमस्कारही केला नाही. मी तसाच आत गेलो.

"साहेब," मी ओव्हरशियरसाहेबांना म्हटलं, "निशाण होतं. मला दिसलं नाही."

साहेबांनी मान वर केली. चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, जसा मी आयुष्यभर लोकांकडे बघत आलो. "परवा तर छातीवर हात ठेवून सांगत होतात. कोणी पढवलं?"

"कोणी नाही."

"काशीरामनं काही दिलं? की दम दिला?"

"तो काय देणार, साहेब?" मी म्हटलं, आणि रंगाचं सगळं सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, "एवढा म्हातारा झालात, आणि लाल रंग कळत नाही? मला वेडा समजता काय?" मग त्यांनी शिपायाला हाक मारून कामावरची दोन निशाणं मागवली. एक लाल, एक हिरवं. टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. "दाखवा बघू यातलं लाल."

मी वाकलो. दोन्ही मला एकाच मातकट रंगाची दिसली. पण एकाचा कोपरा फाटलेला होता, आणि त्याला वाळलेला चिखल लागला होता. मोरीतलं निशाण! तेच लाल. आता नुसतं त्यावर बोट ठेवलं की झालं. साहेब म्हणतील, याला तर चांगलं दिसतं, म्हणजे आधीची साक्षच खरी. लवूचं चाक राहील. माझी काहीच चूक नाही ठरणार. माझं बोट निम्म्यावर गेलं होतं. लवू माझ्याकडे बघत होता.

"साहेब," मी म्हटलं, "या फाटक्या कोपऱ्यावरून मला कळलं की हे लाल. चिखलावरून कळलं. तुम्ही दोन्ही नीट घडी घाला, कोपरे झाका, मागं नेऊन फिरवा, आणि मग विचारा."

साहेबांनी तसं केलं. या खेपेला मी बोट ठेवलं ते माझ्या समजुतीनं अगदी खरं खरं ठेवलं.

शिपाई खुदकन हसला. साहेब गंभीर झाले. "हे हिरवं आहे, आप्पा," ते म्हणाले. पुन्हा फिरवून विचारलं, पुन्हा विचारलं. कधी बरोबर आलं, कधी चुकलं. शेवटी त्यांनी काशीरामला आत बोलावलं आणि उद्यापासून कामावर ये म्हणून सांगितलं.

लवूला कोणी काहीच विचारलं नव्हतं. त्यानं पुढं होऊन दंडावरचा ड्रायव्हरचा बिल्ला सोडवला आणि टेबलावर ठेवला. "मलापण तसंच दिसतं, साहेब," तो म्हणाला.

परतताना मोठ्या रस्त्यानंच आलो. काशीराम आमच्यासोबत होता. सोनूबाईच्या घरी काय तोंडानं जायचं, हाच विचार मी करत होतो. मोरीच्या वळणावर काशीराम एकदम थांबला आणि त्यानं माझ्या दंडाला धरलं.

"आप्पा, हितं निशाण हाय. उजवीकडनं या."

मी समोर बघितलं. जाळी होती, पानं होती. मला दुसरं काही दिसलं नाही.

"बरं," मी म्हटलं, लवूचा हात धरला आणि उजवीकडनं गेलो.